त्या स्टेटसबद्दल, सविस्तर

प्रिय पक्या,

तू पाठवलेला, तुझ्या त्या मित्राच्या व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट बघितला. "काही लोक कधीच बदलत नाहीत. चूक शेवटी आपलीच." आणि खाली तुझे सतरा मेसेज की हे मलाच मारलंय. फोनवर बोललो असतो पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून लिहितोय.

आधी टायमिंग. तू त्याला ऐनवेळी टांग मारलीस संध्याकाळी आणि स्टेटस आला रात्री, म्हणून तू दोन्ही जोडलंस. पण त्या पाच तासांत त्याला घरचे, ऑफिसचे, अजून कोण कोण भेटले असतील ते तुला कुठे माहितीये, तुला फक्त तुझाच भाग माहितीये ना. आणि वाक्य नीट वाच रे. "कधीच बदलत नाहीत" असं माणूस कोणाबद्दल म्हणतो? ज्याने आधीही तेच केलंय, मग माफी झाली, परत विश्वास टाकला आणि परत तेच झालं. "चूक आपलीच" त्यातूनच येतं. तू त्याला टांग मारलीस ती पहिल्यांदाच. हां, याआधीही मारली असशील आणि मला सांगितलं नसशील तर मग मी काही बोलत नाही!

बाकी हे वाक्यच असं आहे की कोणालाही फिट बसतं. फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना "हे खास तुझं वर्णन" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला, आणि पोरांनी तो किती जुळतो याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले. तो स्टेटस बघून अजून चारपाच जण तुझ्यासारखेच तळमळत असतील बघ.

तू म्हणतोस मला दिसला म्हणजे माझ्यासाठीच होता, कारण व्हॉट्सॲपवर स्टेटस ठरावीक लोकांपासून लपवता येतो. येतो की. पण तुला दाखवायचा असेल तरी तो दिसणार आणि तू डोक्यातच नसशील तरी दिसणार, मग त्यावरून काय कळलं? एखादी गोष्ट जी तुम्हा दोघांनाच माहिती आहे ती त्यात असती तर मी पण म्हटलं असतं की तुलाच आहे. तसं काहीच नाहीये.

आणि प्लीज "माझ्याबद्दल होतं का" असं विचारू नकोस. असलं तरी "अरे नाही रे" म्हणेल आणि नसलं तरी तेच म्हणेल, तुला झोप काही लागणार नाही. उलटा स्टेटस तर अजिबात टाकू नकोस, त्याच्या मनात काही नसलं तरी मग येईल.

त्यापेक्षा टांग मारल्याचं बोल, ते तर खरंच घडलंय ना. सरळ फोन कर, "त्या दिवशी ऐनवेळी नाही म्हटलं, चिडलायस का?" एवढंच, स्टेटसचं नाव काढू नकोस. चिडला असेल तर तिथेच बाहेर पडेल. नसेल तर तो स्टेटस दुसऱ्या कोणासाठीतरी आहे, त्यांचं ते बघतील.

काय म्हणाला ते कळव, आणि एका मेसेजमध्ये कळव.

तुझा,
मन्या