मण्याराचा एक रुग्ण आणि श्वसनाचे तीन प्रश्न

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुहास,

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी श्वसनाचे बहुपर्यायी प्रश्न मागितले होतेस. तीनच पाठवतोय, पण प्रत्येकाचं कारण सविस्तर लिहितो. पाठांतरावर सुटणारे प्रश्न मुद्दामच घेतलेले नाहीत.

पहिला प्रश्न. वीस वर्षांचा तरुण रात्री आखाड्यावर जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखलं, मग पापण्या मिटायला लागल्या आणि आवाज बसला. दंशाची सूज नाही. साप मण्यार. छत्रपती संभाजीनगरला, साध्या हवेवर, धमनीतला ऑक्सिजन ५२, कार्बन डायऑक्साइड ६४, पीएच ७.२३. हवेचा दाब ७१०. ऑक्सिजन कमी का झाला? (अ) फुप्फुसात शंट, (ब) व्हेंटिलेशन-परफ्युजनचा बिघाड, (क) फक्त हायपोव्हेंटिलेशन, (ड) डिफ्युजनमध्ये अडथळा.

उत्तर क. सूत्र तुला माहीतच आहे:

PAO2 = FiO2 × (PB − 47) − PaCO2 ÷ 0.8

७१० मधून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा केले की ६६३ उरतात. त्याचे २१ टक्के १३९. ६४ भागिले ०.८ म्हणजे ८०. वायुकोशात उरले ५९. धमनीत ५२ आहेत, म्हणजे ए-ए ग्रेडियंट ७. वयाला चारने भागून चार मिळवायचे या ढोबळ नियमाने या वयात ९ पर्यंत चालतो. फुप्फुस निर्दोष आहे, भाता ओढणारे स्नायूच लुळे पडलेत.

इथे सगळी मेख हवेच्या दाबात आहे. तू मुंबईत शिकवतोस, तिथे ७६० धरलेले चालतात. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. सवयीने ७६० घातले तर वायुकोशात ७० येतात, ग्रेडियंट १८ होतो आणि हुशार मुलगा प्रामाणिकपणे 'ब' निवडतो. गणित बरोबर, निदान चूक. म्हणून दाब प्रश्नातच लिहायचा, ही माझी अटच समज. त्याची उलटी चूकही होते: समुद्रसपाटीवरचा रिपोर्ट ७१० ने सोडवला की कधीकधी ग्रेडियंट शून्याच्या खाली जातो. तसं दिसलं की आकडा किंवा दाब चुकलाय असं मुलांनी ओळखायला हवं, कारण धमनीतला ऑक्सिजन वायुकोशापेक्षा जास्त असूच शकत नाही.

दुसरा प्रश्न त्याच रुग्णाचा. त्याला ४० टक्के ऑक्सिजन दिला, बोटावरचं ऑक्सिमीटर ९९ दाखवतंय. आता काय खरं? (अ) श्वसन सुधारलं, (ब) कार्बन डायऑक्साइड आपोआप उतरेल, (क) तो वाढत असला तरी ऑक्सिमीटरला कळणार नाही, (ड) ग्रेडियंट शून्य झाला.

उत्तर क. ६६३ चे ४० टक्के २६५, त्यातून ८० गेले, १८५ उरले. समजा स्नायू आणखी थकले आणि कार्बन डायऑक्साइड १०० वर गेला. तरी २६५ मधून १२५ जाऊन १४० उरतात. ऑक्सिमीटरचा आकडा जवळपास तोच राहील, पीएच मात्र ७.१ च्या आसपास उतरलेला असेल. मास्कने ऑक्सिजन मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला छाती हलावीच लागते. मण्याराचं विष चेतातंतूच्या टोकालाच इजा करतं, म्हणून प्रतिविष दिलं तरी ताकद परतायला काही दिवस जाऊ शकतात. तोवर व्हेंटिलेटरच. हे स्पष्टीकरण उत्तरपत्रिकेखाली छापच.

तिसरा प्रश्न वेगळ्या रुग्णाचा. न्यूमोनियाने भरलेल्या भागातून ३० टक्के रक्त हवेला न भेटताच पुढे जातंय. हिमोग्लोबिन १५. शुद्ध ऑक्सिजनवर चांगल्या वायुकोशांत ६२० आहेत, मिश्र शिरारक्तात ३७. धमनीत अंदाजे किती? (अ) ६२०, (ब) ४४५, (क) ३२८, (ड) ८५.

बहुतेक मुलं 'ब' वर खूण करतील, कारण त्यांनी दाबांची सरासरी काढलेली असते. रक्त मिसळतं तेव्हा मिसळतो तो ऑक्सिजनचा साठा. चांगल्या भागातून आलेल्या प्रत्येक १०० मिलीलिटर रक्तात साधारण २२ मिलीलिटर ऑक्सिजन, शंटमधून आलेल्यात १४. सत्तर-तीस या प्रमाणात मिसळले की १९.६. हिमोग्लोबिन पूर्ण भरायलाच २०.१ लागतात, म्हणजे संपृक्तता ९६ टक्क्यांच्या आसपास. वक्रावर तिथला दाब पाहिलास तर साधारण ८५. उत्तर ड. चांगल्या भागातलं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं, वर जे चढतं ते नुसतं विरघळलेलं, दोनएक मिलीलिटर. तेवढ्यानं शंटची तूट भरत नाही.

'क' हा पर्याय ३७ आणि ६२० ची सरळ निम्मी सरासरी आहे. तो कुणी निवडलाच, तर त्याला सत्तर-तीसचं प्रमाणही लागलेलं नाही असं समज आणि फळ्यावर दोन पेल्यांचं चित्र काढून साठा मोजून दाखव.

छापताना पर्यायांचा क्रम बदल, दोन उत्तरं ओळीनं 'क' आलीत.

तुझा,
विनायक