हजेरीची टक्केवारी

पंचवटी, नाशिक

प्रिय सुनंदा,

तुला आठवीचा वर्ग मिळाला आणि महिनाअखेरीला हजेरीची टक्केवारी काढताना तू अगदी रडकुंडीला आलीस, हे कळलं. याच कामात मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. ती तुझ्याकडून होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कॅटलॉग एक्सेलमध्ये उतरवला होता. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव आणि C पासून AG पर्यंत 31 तारखा. हजर असेल तर P, गैरहजर असेल तर A. मग प्रत्येकाचे P मोजले आणि सरळ 31 ने भागले. एका मुलाचे 18 दिवस भरले होते, त्याची टक्केवारी आली 58. आमच्याकडे 75 च्या खाली गेलं की पालकांना बोलावतात. त्याचे वडील मार्केट यार्डातला माल तसाच सोडून आले आणि शांतपणे विचारलं, "बाई, शाळा किती दिवस भरली?" रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वगळल्या तर 24 दिवस. 18 भागिले 24, म्हणजे बरोबर 75. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता मी सुट्टीचे रकाने रिकामेच ठेवते आणि AH, AI, AJ मध्ये अनुक्रमे ही सूत्रं घालते:

```
=COUNTIF(C2:AG2,"P")
=COUNTIF(C2:AG2,"A")
=IF(AH2+AI2=0,"",AH2/(AH2+AI2))
```

AJ ला टक्केवारीचं फॉरमॅट दे आणि तिन्ही सूत्रं खालपर्यंत ओढ. भागाकार त्या मुलाच्या स्वतःच्या दिवसांनी होतो, हे महत्त्वाचं. महिन्याच्या मध्यावर दाखल झालेल्या एका मुलीचे 12 पैकी 11 दिवस भरले होते. 24 ने भागलं असतं तर 46 टक्के दिसले असते, खरे आहेत 92. तिच्या प्रवेशाआधीच्या तारखा मात्र रिकाम्या ठेव, तिथे A भरू नकोस.

यातला धोका असा की खूण करायची राहिली तरी रकाना रिकामाच दिसतो आणि टक्केवारी गुपचूप बदलते. म्हणून AK मध्ये `=AH2+AI2` घालून बघ. सगळ्यांचे 24 आणि एखाद्याचे 23 आले, तर तो नवा प्रवेश आहे का ते पाहा, नाहीतर कॅटलॉग उघड. माझ्याकडे एकदा P नंतर चुकून स्पेस पडली होती. डोळ्यांना दिसेना, पण COUNTIF ने ती खूण मोजलीच नाही. लहान p मात्र चालतो.

आणि वर्षअखेरीला महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढू नकोस गं. जूनमध्ये 10 पैकी 10 आणि ऑगस्टमध्ये 24 पैकी 12 दिवस हजर असलेल्याची सरासरी 75 येते. प्रत्यक्षात 34 पैकी 22, म्हणजे 65 सुद्धा होत नाहीत. हजर दिवसांची बेरीज कर, भरलेल्या दिवसांची कर, मग एकदाच भाग.

अडलं तर रविवारी ये, माझी फाईल समोर ठेवून दोघी बसू. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली