दगडी निळा

प्रिय वसू,

सहा महिने पत्र नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते भेटलीस की बोल, ऐकून घेईन. माझा गुडघा ठीक, आईची साखर आटोक्यात.

अजिंठ्यावरचा तो मराठी लेख चिनीत करतेय, आणि परवा रात्री अडीच वाजता त्यात माझी अशी चूक सापडली की तिच्यावर हसू शकेल अशी बाई जगात एकच आहे.

लेखकाने एके ठिकाणी 'दगडी निळा' लिहिलंय. मी डोळे झाकून 'शिछिंग' लिहून मोकळी झाले. शि म्हणजे दगड, छिंग म्हणजे निळा. (हो, छिंग निळा की हिरवा यावरून आपण सरांसमोर भांडलो होतो. दोन्ही. तू जिंकलीस असं समज आणि विषय सोड.) पण चिनी चित्रकलेत शिछिंग हे एका ठरावीक खनिजाचं नाव आहे. तांब्याचं खनिज, अझुराइट. लेखकाला म्हणायचाय लाजवर्द, त्याला चिनीत 'छिंगचिनशि' म्हणतात. गंमत म्हणजे चार ओळींनंतर लेख सांगतो की गेरू, हिरवी माती, चुना हे सगळं जवळपासचं, फक्त हा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. म्हणजे माझ्या भाषांतरात अझुराइट बदख्शानहून येत होता! चीनमधल्या दुनहुआंग लेण्यांच्या भिंतींवर दोन्ही निळे आहेत, तिथल्या वाचकाला हा फरक लगेच कळला असता. शब्द शब्दाला चिकटून ठेवला की असं होतं, हे तू वीस वर्षं सांगतेस. तेही तू जिंकलीस.

काळाच्या नावांचा घोळ वेगळाच. संपादकबाईंचं म्हणणं, 'वाकाटक' काढून सगळीकडे 'जीदुओ', म्हणजे गुप्त, घाला. वाचकाला तेवढंच ठाऊक असतं. मी चिडले. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक हरिषेणाचा मंत्री, त्याला गुप्तांच्या दरबारात का पाठवायचं? पण बाईंचंही अगदी चूक नव्हतं. 'फाजियातुओजिया' असं लांबलचक नाव प्रत्येक वाक्यात आलं की वाचक दमतो. शेवटी लेखात 'गुप्त' शब्द कुठे कशासाठी आलाय ते एकेक करून पाहिलं. शैलीबद्दल बोलणं असेल तिथे 'जीदुओ शिदाइ', म्हणजे गुप्तांचा काळ, आणि ज्याने पैसे दिले, लेणं खोदवलं तिथे वाकाटक घराणं, 'वांगछाओ'. काळ आणि घराणं असे दोन शब्द वेगळे ठेवले आणि बाई गप्प झाल्या. मीही.

आता खरी काळजी. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीबद्दल लेखकाने लिहिलंय, 'चेहरा अंधारातून हळूहळू वर येतो.' मी तिथे मोठ्या दिमाखात 'आओथू' घातलं. आठवतंय? खोलगट-उंचवट्याची ती पद्धत. ल्यांग काळात नानजिंगमधल्या एका मंदिराच्या दारावर चांग सेंगयोने अशी फुलं रंगवली, लांबून उठावाची दिसत, जवळ गेलं की सपाट. जुन्या नोंदीत तिला भारतातून आलेली रीत म्हटलंय. म्हटलं, वाचक खूश होईल. पण दुसऱ्या दिवशी वाचलं तर एका साध्या, डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या वाक्याचा सिद्धांत झाला होता: अजिंठ्याची रीत तीच, चीनला गेलेली. लेखकाने तसं कुठेही म्हटलेलं नाही. ते मी म्हणत होते, त्याच्या तोंडून. खाली टीप देऊन निभावलं असतं, पण मग वाक्याचा श्वासच जातो.

आता असं केलंय: रंग लावण्याच्या पद्धतीच्या परिच्छेदात 'यूनरान', कडेपासून रंग पसरवत गडद-फिकट करणं, एवढं तटस्थ नाव. आणि पद्मपाणीपाशी कुठलीही संज्ञा नाही, फक्त क्रियापदं. अंधार मागे सरतो, गाल पुढे येतो. चिनीत ते वाक्य तोकडं पडतंय का, हे मला कळेनासं झालंय. चार दिवस तेच ते वाचून कान बधिर झालेत. आपण त्या लेण्यात कंदिलाच्या उजेडात उभ्या होतो, तुझी चप्पल तुटलेली, आणि तू म्हणालीस, 'हा माणूस आत्ताच काहीतरी ऐकून घेतोय.' लेखकाने हे लिहायला हवं होतं. मला घालता येत नाही.

बाकी, तुझ्या लेकीची दहावी कशी गेली? घराचं रंगकाम झालं का, की अजून तो माणूस येतोच आहे? भावोजींना नमस्कार.

सोबत त्या चार ओळी पाठवतेय. मोठ्याने वाच, फोनवर, मला ऐकायच्या आहेत. रविवारी रात्री नऊनंतर कर, आधी आईची मालिका असते.

तुझी,
नीला