शून्य टक्के, पण हप्ता चुकेपर्यंतच

संपादक महोदय,

दादरच्या दुकानांत हल्ली काउंटरवरच विचारतात, चार भागात करू का, व्याज शून्य. शेजारच्या मुलीने असेच ४००० चे शूज घेतले, १००० तिथेच दिले आणि बाकीचे तीन हप्ते दर महिन्याच्या ५ तारखेला ऑटो डेबिट, आता पगार होतो ७ ला, त्यामुळे एक हप्ता बाउन्स झाला आणि २५० रुपये लेट फी लागली. ती म्हणाली, २५० च तर आहेत! पण हिशोब करून बघा ना, उधारी पहिल्या महिन्यात ३०००, मग २०००, मग १०००, म्हणजे सरासरी २००० रुपये तीन महिने वापरले, त्यावर २५० म्हणजे साडेबारा टक्के आणि वर्षाच्या दराने ५०. क्रेडिट कार्ड बरं म्हणायची वेळ! बँकेने बाउन्सचा चार्ज लावला तो वेगळाच.

आणि फी ठरलेली असल्यामुळे छोट्या खरेदीला जास्त झोंबते, हेच १२०० चं बिल असतं तर तोच दर १६० च्या वर गेला असता.

कर्ज देणाऱ्याने रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचा कागद द्यायचा असतो, पण त्यातल्या वार्षिक दरात हा दंड धरत नाहीत, तो वेगळा लिहिलेला असतो. तेवढं बघा आणि डेबिटची तारीख पगारानंतरची मिळते का ते ओके दाबायच्या आधीच विचारा, नंतर दुकानदार हात वर करतो.

– एक वाचक, मुंबई