सातव्या प्रकरणातली वीस मिनिटं

अमळनेर

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार. कसा शे रे भाऊ? धुळ्याला परतल्यावर तुझा फोन येईल म्हणून वाट पाहिली, पण फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो.

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिली सहा प्रकरणं हातातून सुटली नाहीत. सातव्यात मात्र थांबलो. सागवान चोरताना झालेला खून पाहिलेला सुरमल सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यात पोचतो, अंधारात त्याच्या पायाला काहीतरी चावलंय, मागे मारेकरी आहेत. इथपर्यंत श्वास रोखला होता. मग नर्स वंदना मोबाईल घरी विसरते, डॉक्टर एकटेच जनरेटर बघायला मागच्या अंधारात जातात आणि सुरमल तासभर कुणालाच सांगत नाही की त्याच्या मागावर माणसं आहेत. तिन्ही वेळा मला पात्रांचा हात दिसला नाही, तुझा दिसला. वेळेचा ताण टिकावा, गोष्टीतलं घड्याळ चालू राहावं म्हणून तू त्यांना बावळट केलंस. वंदनाला तू सहा प्रकरणं इतकी हुशार दाखवलीस, की सातव्यात ती अशी वागली तेव्हा मला तिच्याबद्दल वाईट वाटलं.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: या माणसांनी पहिल्याच मिनिटाला पोलिसांना फोन लावला, तर गोष्ट संपते का? संपत असेल तर घड्याळ खोटं. म्हणून माझं म्हणणं असं, की फोन लावू दे. पहिल्या पानावरच. सुरमल आल्या आल्या सगळं सांगू दे, डॉक्टर ठाण्याला फोन करू देत, वंदना १०८ ला. ठाण्याची जीप निघाली, पण रस्ता पन्नास मिनिटांचा आहे. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला सोडून येणार, म्हणजे तिला आणखी वेळ. सगळ्यांनी बरोबर केलं, आणि तरी मधे पन्नास मिनिटं उरली.

आता त्या पन्नास मिनिटांत काय घडतं? इथे तुझ्या हाताशी एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि तू ती एका ओळीत संपवलीस: 'रक्त तपासलं, विषारी निघालं.' प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या माणसाला विचार, ते कसं तपासतात. दोन मिलिलिटर ताजं रक्त शिरेतून काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हातही लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. गोठलेलं असेल तर रक्त जागचं हलत नाही. पाण्यासारखं ओघळलं, तर घोणस किंवा फुरश्याच्या जातीचं विष अंगात भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं.

बघ, प्रमोद, इथे शहाणपणाचं काम म्हणजे हात बांधून बसणं. मारेकरी जवळ येताहेत आणि त्या खोलीतल्या सर्वांत जाणत्या बाईचं काम आहे नळीकडे बघत राहणं. याहून चांगलं घड्याळ तुला विकत मिळणार नाही.

पण जाणता वाचक विचारेल, थांबायचं कशाला, सरळ इंजेक्शन द्या ना! त्याचं उत्तर आधीच्या पानात पेरून ठेव. चावणाऱ्या प्रत्येक सापाचं विष अंगात उतरतंच असं नाही, आणि प्रतिविषाची स्वतःचीच जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून विष भिनल्याची खूण लक्षणांत किंवा तपासणीत मिळाल्याशिवाय ते देत नाहीत. त्यामुळे सुरमलच्या घोट्यावर दोन खुणा आणि किंचित सूज एवढंच ठेव. हिरड्यांतून रक्त येतंय, सूज मांडीपर्यंत चढलीय, असं लिहिलंस तर डॉक्टर नळीची वाट बघणारच नाहीत, आणि तुझी वीस मिनिटं गेली.

मी वहीत तीन रकाने आखून हे प्रकरण मांडून पाहिलं. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात पात्रानं केलेलं शहाणपणाचं काम, तिसऱ्यात त्या कामामुळे कोणतं दार बंद झालं. तिसरा रकाना रिकामा राहिला, की तिथे ताण सैलावलेला सापडतो.

१:१० ला सुरमल आला, १:१२ ला दोन्ही फोन झाले. मग वंदना नळी शोधते. समोर चार नळ्या आहेत, पण साबणाने धुतलेल्या. अशा नळीत चांगलं रक्तही न गोठण्याची शक्यता असते, हे तिला ठाऊक आहे. ती त्या बाजूला सारते, कपाटातलं न उघडलेलं खोकं काढते, ब्लेडने चिकटपट्टी कापते, एक नळी दिव्यासमोर धरून आत डोकावते. यात सहा मिनिटं जातात. ही सहा मिनिटं तिच्या हुशारीनं खाल्ली, म्हणून वाचक तिच्यावर चिडणार नाही, तिच्या बाजूनं घाबरेल. १:२० ला रक्त नळीत. आणि १:३० पर्यंत डॉक्टरांची गाडी निघाली असती, तर तापीच्या पुलाकडचा फाटा मोकळा होता. त्यानंतर मोटारसायकली तिथे पोचतात. तिसऱ्या रकान्यात लिही: रस्ता गेला.

इथेच त्यांचं भांडण लाव. ड्रायव्हर म्हणतो, 'साहेब, आत्ता निघू, जळगावला सगळं मिळेल.' डॉक्टर म्हणतात, 'वाटेत रक्तस्राव सुरू झाला तर गाडीत मी काय करू?' दोघांपैकी कोण चूक हे वाचकाला सांगता येता कामा नये. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव या दोन वाक्यांत आहे, त्यांना दोन पानं दे.

एक मोह टाळ. चौदाव्या मिनिटाला कुणाचा तरी धक्का लागून नळी सांडली, परत वीस मिनिटं, हे तुझ्या डोक्यात येईलच. नको. तो विसरलेल्या मोबाईलचाच भाऊ आहे.

त्यापेक्षा शत्रूला शहाणा कर. मारेकरी दार फोडणार नाहीत. साप चावलेला माणूस जवळच्या दवाखान्यातच जाणार हे त्यांनाही कळतं. त्यातला एक तळहातावर चाकूनं चीर देऊन १:३६ ला दारात उभा राहतो: 'ताई, पट्टी करता का?' जखम खरी आहे. वंदना नाही म्हणू शकत नाही, आणि पट्टी करायच्या खोलीची वाट नळीच्या खोलीतूनच जाते. आता ती त्याच्या हाताला कापूस लावतेय आणि पाठीमागे नळी उभी आहे. वेळेचा आकडा तेव्हा लिहू नकोस. सगळ्या प्रकरणात तीन-चार वेळा आकडा आला तरी पुष्कळ, बाकी वेळ त्या लाल रेघेकडे बघून कळू दे.

१:४० ला डॉक्टर नळी तिरपी करतात. रक्त काचेवरून ओघळतं. प्रतिविषाच्या दहा कुप्या विरघळवून सलाईनमधून द्यायच्या, त्याला साधारण तासभर, आणि रिॲक्शनसाठी ॲड्रेनॅलिन भरून शेजारी. म्हणजे आता सुरमलला हलवायचं नाही. जीप यायला वीस मिनिटं. पट्टी बांधलेला माणूस बाहेर बाकावर बसून फोन लावतोय.

नळी तिरपी करताना प्रकरण तोडू नकोस, हा माझा हट्ट समज. वाचकानं वीस मिनिटं वाट पाहिलीय, त्याला तिथल्या तिथे उत्तर दे. प्रकरण संपव ते पहिल्या कुपीचं सील उघडल्याच्या आवाजावर, बाहेरच्या माणसानं तो ऐकला एवढंच सांगून.

हे लिहून झालं की आधी मलाच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर