‘बेताने’ म्हणजे किती ग्रॅम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पानावर नुकतेच ‘मर्यादेत घेतलेली दारू अपाय करत नाही’ असे एक वाक्य छापून आले. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका मित्राने ते कात्रण खिशातून काढून माझ्यापुढे धरले. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. त्यामुळे ही मर्यादा कुठून येते ते त्याला हिशेब मांडूनच दाखवले.

मित्राचे पिणे बेताचे. बुधवारी तीन लार्ज, शनिवारी तीन लार्ज. लार्ज म्हणजे 60 मिली आणि बाटलीवर लिहिलेले असते 42.8 टक्के. म्हणजे एका पेगात शुद्ध अल्कोहोल साधारण 26 मिली. अल्कोहोल पाण्याहून हलके, म्हणून वजनात ते 20 ग्रॅम भरते. आठवड्याचे झाले 120 ग्रॅम. (बिअरला पाणी म्हणणाऱ्यांसाठी: आठ टक्क्यांची 650 मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे 41 ग्रॅम, दोन लार्ज.)

ब्रिटनने 2016 साली ठरवलेली मर्यादा आठवड्याला 14 युनिट, युनिट 8 ग्रॅमचे. एकूण 112 ग्रॅम. मित्र थोडक्यात बाहेर. कॅनडात 2023 साली तज्ज्ञांनी कमी धोक्याची पातळी आठवड्याला दोन ड्रिंक्स सांगितली, म्हणजे अवघे 27 ग्रॅम. आपला सव्वा पेग! “माणसाचं लिव्हर कॅनडात वेगळं असतं का?” मित्राने विचारले. प्रश्न रास्त होता.

लिव्हर तेच, फरक मान्य केलेल्या धोक्यात आहे. मर्यादा काढताना दारूशी जोडलेले आजार आणि अपघात एकेक करून घेतात. रोजच्या किती ग्रॅमला कोणता धोका किती वाढतो, आणि त्या देशात त्या कारणाने किती माणसे मरतात, हे मांडून सगळ्याची बेरीज करतात. बेरजेचा आलेख हळूहळू वर चढत जातो. त्यावर ‘इथून पुढे धोका’ अशी खूण कुठेच नसते, रेघ माणसांनी मारायची असते. ब्रिटनने ती दारूमुळे शंभरात एकाचा जीव जाईल तिथे मारली. कॅनडाच्या तज्ज्ञांनी कमी धोक्यासाठी हजारात एक अकाली मृत्यू हे माप धरले. त्यांच्याच हिशेबात शंभरात एकाची रेघ सहा ड्रिंक्सवर, म्हणजे आपल्या चार पेगांवर येते. मोजण्याच्या पद्धती तंतोतंत सारख्या नाहीत, तरी एकाच धोक्याला दोन्ही आकडे बरेच जवळ येतात.

पूर्वी हा आलेख सुरुवातीला खाली झुकलेला दिसे, कारण थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे आकडे सांगत. पण ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. ते आधीच खंगलेले, मग पिणारे ठणठणीत दिसणारच. हा घोळ काढला की तो फायदा बराचसा आटतो.

कर्करोगाच्या आलेखाला मात्र असा खड्डा पडत नाही. अल्कोहोलचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते डीएनएला चिकटते. पेशी बहुतेक बिघाड दुरुस्त करते, सगळे नाही. हे काम फक्त यकृतात चालत नाही, तोंडातले जंतूही अल्कोहोलपासून हेच रसायन बनवतात. म्हणून तोंड, घसा, अन्ननलिका आधी सापडतात. स्त्रियांत अल्कोहोलने इस्ट्रोजेन वाढते आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका दिवसाला एका ड्रिंकलाही वाढलेला दिसतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2025 च्या अहवालात हे नेमके मांडले आहे: जवळपास न पिणाऱ्या शंभर स्त्रियांत आयुष्यभरात 11 जणींना हा कर्करोग होतो, रोज एक ड्रिंक घेणाऱ्यांत 13 जणींना. तिथले ड्रिंक 14 ग्रॅमचे, आपल्या लार्जहून लहान. वाइन घेतली म्हणून सुटका नाही, इथेनॉल तेच.

आणखी एक. हे आकडे त्या-त्या देशांतल्या आजारांवर बेतलेले आहेत. आपल्याकडे परमिट रूममधून बाहेर पडणारा माणूस कोपऱ्यावरच्या टपरीवर तंबाखू मळतो किंवा सिगारेट पेटवतो. दारू आणि तंबाखू एकत्र आले की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज करून येतो त्याहून बराच जास्त होतो. तेव्हा ब्रिटनचे 112 ग्रॅम उचलून पुण्यात लावता येत नाहीत. माझा मित्र तंबाखू खातो, हे सांगायचे राहिलेच.

आपल्या पानावर यापुढे ‘मर्यादा’ हा शब्द आला, तर ती किती ग्रॅमची आणि किती जणांमागे एक मृत्यू धरून काढलेली, हे दोन्ही शेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे