विषय : ‘दोन्ही बाजूंनी चालतो’ असं सांगून विकलेला डिस्प्लेपोर्ट–एचडीएमआय ॲडॉप्टर : पैसे परत मिळण्याबाबत व जाहिरात दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मुलाचा प्लेस्टेशन 5 त्याच्या खोलीतल्या मॉनिटरला जोडायचा म्हणून मी तुमच्या संकेतस्थळावरून 649 रुपयांचा ॲडॉप्टर मागवला. मॉनिटर ऑफिसातून निघालेला, 24 इंची, पण चांगल्या अवस्थेतला. त्याला डिस्प्लेपोर्ट, डीव्हीआय आणि व्हीजीए एवढंच आहे, एचडीएमआय नाही. कन्सोलला मात्र एचडीएमआयच. तुमच्या पानावर ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट, दोन्ही बाजूंनी चालतो, कन्सोलसाठी योग्य’ असं लिहिलं होतं, म्हणूनच घेतला.

जोडल्यावर मॉनिटरवर ‘No DP signal’ आलं आणि पाच सेकंदांत पडदा काळा. केबल बदलली, मॉनिटरच्या मेनूत इनपुट हाताने निवडला, तरी तेच. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं की मॉनिटर जुना आहे, त्याचा पोर्ट गेला असेल. तरी तुम्ही दुसरा नग पाठवलात, तोही तसाच.

मी संगणक देखभालीचं काम करते. म्हणून तोच ॲडॉप्टर ऑफिसातल्या डेस्कटॉपच्या डिस्प्लेपोर्टला लावला आणि पुढे टीव्ही जोडला. चित्र लगेच आलं. मग तोच डेस्कटॉप साध्या डिस्प्लेपोर्ट केबलने माझ्या मॉनिटरला जोडला, तेही चाललं. म्हणजे ॲडॉप्टर बिघडलेला नव्हता आणि मॉनिटरही नाही. तुमचा ॲडॉप्टर एकाच दिशेचा आहे, आणि ती दिशा कन्सोलच्या कामाची नाही.

कारण सरळ आहे. संगणकाचा डिस्प्लेपोर्ट ‘ड्युअल मोड’चा असेल तर असा स्वस्त ॲडॉप्टर लागल्याचं ओळखून तो स्वतःच एचडीएमआयच्या पद्धतीचा सिग्नल सोडतो. ॲडॉप्टर फक्त व्होल्टेज जुळवतो. उलट दिशेला हे होऊ शकत नाही. कन्सोल एचडीएमआयच पाठवणार आणि मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला फक्त डिस्प्लेपोर्टचीच भाषा कळणार. मध्ये खरंखुरं रूपांतर करणारी चिप लागते, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ कन्व्हर्टर, आणि त्या चिपला वीज लागते. एचडीएमआयच्या 5 व्होल्टच्या पिनवर हक्काने मिळतात ते 55 मिलिअँपिअर, म्हणून अशा कन्व्हर्टरला बहुधा यूएसबीची शेपटी असते. सहकाऱ्याकडून असा एक आणून पाहिला. यूएसबी काढली की पडदा काळा, कन्सोलच्या यूएसबीत घातली की चित्र हजर. तुमच्या ॲडॉप्टरला शेपटीही नाही आणि अंगावर दिशेचा बाणही नाही.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, डीव्हीआयचं दोन्हीकडून चालतं, तसंच हेही.” गोंधळाचं मूळ इथेच आहे. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल मुळात एकच आहे, म्हणून तिथे साधी केबलही पुरते. शेवटी मी 280 रुपयांची एचडीएमआय–डीव्हीआय केबल आणली आणि मुलगा आता त्यावरच खेळतो. मॉनिटर 1920×1200 चा असल्याने चित्र उभं ताणलं जात होतं. मेनूत मूळ प्रमाण निवडल्यावर वर-खाली 60-60 पिक्सेलची काळी पट्टी राहिली आणि चित्र नीट झालं. आवाज या वाटेने येत नाही, तो कंट्रोलरच्या हेडफोन जॅकमधून घेतो. एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण, आमच्या मॉनिटरला चालतं. ज्याच्या मॉनिटरला चालत नसेल त्याला कन्सोल आधी टीव्हीला लावून सेटिंगमधलं `Enable HDCP` बंद करावं लागेल. मग गेम दिसतात, पण चित्रपटांची ॲप चालत नाहीत. एवढी माहिती तुमच्या पानावर असती तर मी तुमच्याकडूनच ती केबल घेतली असती.

मला 649 रुपयांहून जास्त राग आहे तो ‘पोर्ट गेला असेल’ या उत्तराचा. माझ्याजागी दुसरं कोणी असतं तर चांगला मॉनिटर भंगारात देऊन नवा घेतला असता.

माझ्या मागण्या अशा. ॲडॉप्टरचे 649 रुपये परत करावेत आणि दोन्ही नग तुमच्या खर्चाने उचलून न्यावेत. पानावरचे ‘दोन्ही बाजूंनी’ आणि ‘कन्सोलसाठी योग्य’ हे शब्द काढून, ‘फक्त संगणकाच्या डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआय पडद्याकडे’ असं पानावर आणि खोक्यावर ठळक छापावं. ज्यांनी हा ॲडॉप्टर कन्सोलसाठी घेतला आहे त्यांनाही कळवावं.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, पानाचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही जोडण्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक
नाशिक